एका मिनिटाची ओळख

लहानपणी घरी पाहुणे आले, की आपल्याला पुढे ओढून ‘सांग बरं, तुझं नाव काय?’ असा हुकूम सुटत असे. मग नाव, इयत्ता आणि शाळा एवढे एका दमात म्हणून टाकायचे आणि आत पळायचे. पन्नाशी गाठलेले, वीस-पंचवीस माणसांना दरमहा पगार देणारे कारखानदार आजही सकाळी साडेसातला हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे राहून नेमके तेच करीत असतात, असे मी म्हटले तर वाचकांना ती थट्टा वाटेल. पण ती थट्टा नाही.

उद्योजकांच्या ओळखीपाळखीच्या बैठका आता आपल्याकडे चांगल्याच रुजल्या आहेत. कल्पना काही नवी नाही. १९०५ साली शिकागोत रोटरी क्लब निघाला, तेव्हा एका धंद्याचा एकच सभासद घ्यावयाचा असा त्याचा रिवाज होता. पुढे १९८५ साली अमेरिकेतच आयव्हन मायझनर यांनी ‘बीएनआय’ ही संस्था काढली आणि तोच रिवाज धंद्याच्या देवघेवीला लावला. त्या धर्तीवरच्या बैठका आपल्या शहरांतूनही भरतात. चाळीस-पन्नास माणसे जमतात, उपमा-चहा होतो, आणि पाळीपाळीने प्रत्येकाने उभे राहून साधारण एका मिनिटात आपण कोण आणि काय करतो ते सांगावयाचे असते.

त्या एका मिनिटाने भल्याभल्यांना घाम फुटतो. कोणी पाठ केलेली कविता म्हणावी तसे घडाघडा बोलून खाली बसतो. कोणी स्वतःची एवढी आरती ओवाळतो, की शेजारचा घड्याळाकडे पाहू लागतो. आणि कोणी संकोचाने ‘आमचा आपला लहानसा व्यवसाय आहे’ एवढेच पुटपुटतो. माझा स्वतःचा धंदा नाही. रेडिओसाठी बोलण्याच्या संहिता लिहिण्यात माझी उभी हयात गेली. कागदावर शोभणारे वाक्य तोंडात का शोभत नाही, हे शोधण्याचाच तो उद्योग होता. त्यामुळे हल्ली ओळखीचे पुष्कळजण आपले ते एक मिनिट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतल्या एकीची हकीकत सांगितली, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते आपोआप कळेल.

आमच्या शेजारच्या घरच्या सूनबाई भोसरीत लाकडी खोक्यांचा कारखाना चालवितात. कारखाना सासऱ्यांनी काढलेला. ते थकल्यावर सूनबाईंनी हाती घेतला आणि कर्ज काढून लाकूड तापविण्याची एक भट्टी बसविली. भट्टी उत्तम होती, सरकारी मान्यताही मिळाली होती, पण आठवड्यातले निम्मे दिवस ती थंड असे. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येई. कोणीतरी सुचविले म्हणून त्या एका बैठकीच्या सभासद झाल्या. तीन महिने दर आठवड्याला नेमाने गेल्या, आणि तीन महिन्यांत एकही काम आले नाही.

‘‘काका, मी काय बोलते ते जरा ऐकता का?’’ असे म्हणून एका संध्याकाळी त्या आल्या आणि आमच्या बैठकीच्या खोलीत सरळ उभ्या राहून म्हणाल्या :

‘‘नमस्कार. मी अमुक अमुक. आमची कंपनी गेली बावीस वर्षे एक्स्पोर्ट पॅकेजिंगच्या क्षेत्रात अग्रगण्य असून ग्राहकांच्या गरजेनुसार दर्जेदार, किफायतशीर आणि आयएसपीएम-१५ प्रमाणित एण्ड-टू-एण्ड पॅकेजिंग सोल्युशन्स पुरविण्यास आम्ही कटिबद्ध आहोत. दर्जा हीच आमची ओळख!’’

मी काही बोललो नाही. आत त्यांच्या सासूबाई आमच्या सौभाग्यवतींपाशी बसल्या होत्या. ही सारी वाक्ये त्यांच्याही कानांवर पडलीच होती. त्यांना बाहेर बोलावून मी विचारले, ‘‘वहिनी, सूनबाई आत्ता काय म्हणाल्या?’’ बावीस वर्षे ज्यांच्या घरात हा धंदा नांदतो आहे त्या वहिनी म्हणाल्या, ‘‘काहीतरी पॅकिंगचं म्हणत होती. छान बोलली हो!’’

झाले. रोगाचे निदान त्या एका वाक्यात होते. बोलणे छान होते, पण त्यातले काहीही उचलून नेता येण्याजोगे नव्हते.

या बैठकांचे मर्म इथेच आहे, आणि ते पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. समोर बसलेली चाळीस माणसे आपली गिऱ्हाइके नसतात. त्यांच्यात दंतवैद्य असतो, विमा उतरविणारा असतो, फर्निचरवाला असतो, चार्टर्ड अकौंटंट असतो. त्यांतल्या एकालाही निर्यातीची खोकी नको आहेत. परंतु त्या चार्टर्ड अकौंटंटचा एखादा अशील यंत्रे परदेशी धाडीत असेल, आणि चार-सहा आठवड्यांनी त्याच्या कचेरीत बसून रडगाणे गात असेल. त्या वेळी अकौंटंटाच्या तोंडून चटकन् एक वाक्य निघाले पाहिजे : ‘थांबा, याचं काम करणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत.’ तेव्हा आपली ओळख आपल्या तोंडून कशी वाटते याला फारसे महत्त्व नाही. ती ऐकणाऱ्याच्या तोंडी बसली पाहिजे. ती त्याला घरी नेता आली पाहिजे आणि महिन्याभराने दुसऱ्याला देता आली पाहिजे.

ही एक गोष्ट मनात पक्की झाली, की बढाईचा प्रश्न निम्मा सुटतो. ‘अग्रगण्य’ हा शब्द कोणी घरी नेत नाही. ‘दर्जेदार’, ‘किफायतशीर’, ‘कटिबद्ध’ हेही नाही. फर्निचरवाल्यानेही तेच शब्द वापरलेले असतात आणि दंतवैद्यानेही. शिवाय गंमत अशी, की एका धंद्याचा एकच सभासद असा नियम असल्यावर त्या खोलीत खोकी करणाऱ्या आपण एकट्याच. मग अग्रगण्य कोणाच्या पुढे?

यावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगही केलेले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की स्वतःची थोरवी सांगणाराला वाटते, ऐकणारे आपल्या आनंदात सहभागी होत आहेत. प्रत्यक्षात त्यांना त्याच्या अंदाजाहून आनंद कमी आणि वैताग अधिक होत असतो. म्हणजे बढाई मारणारा लबाड असतोच असे नव्हे. त्याला पलीकडच्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही, एवढेच. म्हणून ‘मी बढाई मारतो आहे का?’ असे स्वतःच्या मनाला विचारण्यात अर्थ नाही. मन हटकून ‘नाही’ म्हणणार. त्याऐवजी एकेक शब्द घेऊन विचारावे : ऐकणाराला हे स्वतः तपासून पाहता येईल का? ‘उत्तम सेवा’ तपासता येत नाही. ‘शुक्रवारी फोन आला आणि रविवारी खोकी पोचविली’ हे तपासता येते. जे तपासता येते त्याची बढाई होत नाही. ती नुसती हकीकत होते.

पण हकीकत आणायची कोठून? कागद-पेन्सिल घेऊन बसले, की हातातून पुन्हा ‘कटिबद्ध’च उतरते. लेखणीला तीच सवय असते. म्हणून माझा पहिला नियम असा, की आधी लिहायचे नाही, आधी बोलायचे. मी सूनबाईंना खुर्चीवर बसविले, चहा दिला, आणि त्यांच्या परवानगीने मोबाइलचा ध्वनिमुद्रक चालू करून ठेवला. मग विचारले, ‘‘गेल्या महिन्यात असा एखादा फोन आला का, की समोरचा माणूस अगदी घायकुतीला आला होता?’’

‘‘अहो, आला ना!’’ त्या एकदम मोकळ्या झाल्या. ‘‘चाकणचे एक कारखानदार. शुक्रवारी दुपारी फोन. सोमवारी कंटेनर भरायचा आणि ह्यांची खोकी बिनशिक्क्याची! म्हणजे तिकडे जर्मनीत माल अडकणारच.’’

‘‘शिक्का कसला?’’

‘‘तो गव्हाच्या लोंबीचा असतो बघा. लाकडातून किडे जातील म्हणून परदेशी लोक कच्च्या लाकडाची खोकी घेतच नाहीत. लाकूड भट्टीत तापवायचं. गाभ्यापर्यंत ५६ अंश झालं पाहिजे आणि तसं सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. मग तो शिक्का मारता येतो. आम्हाला मान्यता आहे ना त्याची.’’

‘‘मग पुढे काय झालं?’’

‘‘पुढे काय, दोन दिवस बसलो सगळे. सहा खोकी. रविवारी संध्याकाळी त्यांच्या दारात!’’

मी ध्वनिमुद्रक बंद केला आणि म्हटले, ‘‘सूनबाई, तुमची ओळख तयार झाली.’’ त्यांचा विश्वास बसेना. पण त्या दोन मिनिटांत ‘आयएसपीएम-१५’ हा शब्द एकदाही आला नव्हता आणि त्याचा अर्थ मात्र पुरा आला होता. ते त्या आंतरराष्ट्रीय नियमाचे नाव आहे. निर्यातदाराला ते ठाऊक असते, दंतवैद्याला नसते. दंतवैद्याला गव्हाची लोंबी कळते. परिभाषेतला शब्द टाकला म्हणजे ज्ञान कमी दिसते अशी भीती वाटते खरी. पण ५६ अंश आणि ३० मिनिटे एवढे म्हटले, की माणूस कामातला आहे हे ऐकणाराला कळून चुकते. मात्र असा आकडा एकाच ठिकाणी घालावा. खोक्यांचे माप, भट्टीचे आकारमान, वार्षिक उलाढाल असे चार आकडे आणखी घातले, की चारही निसटतात आणि जाताना त्या पहिल्यालाही घेऊन जातात.

मग आम्ही हकीकतीला क्रम लावला. आधी अडचण, कारण ती ऐकणाऱ्याला ओळखीच्या माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकू येणार असते. मग एक घडलेले काम. मग, अशी अडचण असलेला माणूस ओळखावा कसा, ते. नाव सर्वांत शेवटी. सूनबाईंना हे शेवटचे विचित्र वाटले. ‘‘नाव आधी सांगायला नको का, काका?’’

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९८७ साली ब्रिटनमधील काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखविले आणि प्रत्येकाचे आडनाव व धंदा सांगितला. नंतर विचारले तर धंदे पुष्कळ आठवत, आडनावे फार थोडी. आणि नवल असे, की शब्द एकच असला तरी हा फरक राही. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही आहे आणि पावाच्या भट्टीवाल्याचा धंदाही. ‘हा बेकर आहे’ म्हणजे पाव भाजतो म्हटले की लक्षात राही; ‘याचे नाव बेकर’ म्हटले की विसरले जाई. आपल्याकडे पोतदार, सुतार, लोहार अशी आडनावे आहेतच, ताडून पाहावे. धंद्याभोवती चित्र उभे राहते, नावाभोवती राहत नाही. म्हणून चित्र आधी उभे करावे आणि मग त्या खुंटीला नाव अडकवावे. बैठकीच्या चालकांनी नाव आधी सांगण्याचाच दंडक घातला असेल तर जरूर सांगावे. पण शेवटी पुन्हा एकदा सांगावे.

शेवटी ओळख ठरली ती अशी. ही मी लिहिलेली नाही. ध्वनिमुद्रणातून जवळजवळ तशीच उतरवून घेतली आहे :

‘‘परदेशी यंत्रं पाठवायची, की लाकडी खोकं लागतं, आणि त्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीचा एक शिक्का असावा लागतो. तो नसला तर माल कितीही चांगला असो, तिकडच्या बंदरात अडकतो. मागच्या महिन्यात चाकणहून एकांचा शुक्रवारी दुपारी फोन आला. सोमवारी कंटेनर भरायचा आणि खोकी बिनशिक्क्याची. आम्ही लाकूड भट्टीत घातलं. गाभ्यापर्यंत ५६ अंश आणि सलग ३० मिनिटं राहिलं, तरच शिक्का मारता येतो. कारखान्यातली सगळी माणसं दोन दिवस बसली, आणि रविवारी संध्याकाळी सहा खोकी पोचली. तुमच्या ओळखीचं कुणी परदेशी माल पाठवत असेल, तर त्यांना एवढंच विचारा, ‘खोक्यावर शिक्का आहे ना?’ नसला तर माझा नंबर द्या. माझं नाव अमुक अमुक. भोसरीत आमचं काम आहे. नाव विसरलात तर ‘शिक्क्याच्या खोक्यांच्या बाई’ म्हटलंत तरी चालेल.’’

मोजून पाहिले तर शंभराच्या आसपास शब्द भरतात. सावकाश, श्वास घेत बोलणाऱ्याला एका मिनिटात तेवढेच झेपतात. दीडशे कोंबले की माणूस धावू लागतो, आणि धावणाऱ्याचे बोलणे कितीही मनापासून आलेले असो, पाठ केल्यासारखेच वाटते.

आता पाठांतराविषयी. पाठ केलेले बोलणे ओळखू येते ते कशावरून? रेडिओच्या खोलीत काचेपलीकडे बसून मी वर्षानुवर्षे ऐकले आहे, त्यावरून तीन खुणा सांगतो. पहिली, सगळी वाक्ये एकाच चालीची होतात. जिथे विचार करावा तिथेही माणूस थांबत नाही, आणि श्वास घ्यायचा तो वाक्याच्या मध्येच घेतो. दुसरी, डोळे समोरच्यावरून उठून छताकडे जातात, कारण तिथे कागद दिसत असतो. तिसरी, एक शब्द विसरला की सगळी गाडी अडते आणि पहिल्या डब्यापासून पुन्हा ओढावी लागते. तिन्हींचे कारण एकच : माणूस हकीकत आठवीत नसतो, वाक्ये आठवीत असतो.

म्हणून सूनबाईंना मी उतरवून घेतलेला कागद दिलाच नाही. पक्के करायला फक्त दोन वाक्ये दिली, पहिले आणि शेवटचे. मधल्या भागासाठी तीन शब्द : ‘शुक्रवार, भट्टी, रविवार’. एवढे तीन खांब धरले की मधली वाट दर वेळी थोडी वेगळी तुडविली जाते, आणि ते वेगळेपणच बोलणे जिवंत ठेवते. आरशापुढे सराव करू नका असेही सांगितले. आरसा माणसाला स्वतःकडे पाहायला शिकवितो, आणि इथे पाहायचे असते दुसऱ्याकडे. त्याऐवजी पाच दिवस पाच निरनिराळ्या माणसांना सांगा म्हटले : सासूबाईंना, मुलाच्या मास्तरांना, भाजीवाल्या मावशींना, जो भेटेल त्याला. मास्तरांनी विचारले, ‘‘शिक्का मारतं कोण, सरकार?’’ भाजीवाल्या मावशींनी विचारले, ‘‘लोंबीच का गं?’’ अशा एकेका प्रश्नाने बोलणे आपोआप घासून साफ झाले. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराला मी विचारले, ‘‘त्या ताई काय करतात रे?’’ तो म्हणाला, ‘‘शिक्क्याची खोकी करतात. शिक्का नसला तर माल अडकतो.’’ पंधरवड्यापूर्वी घरच्या माणसाला जे सांगता आले नव्हते, ते फाटकावरच्या माणसाला सांगता आले. जिथे हे जमत नाही तिथे ओळख अजून कच्ची आहे असे समजावे, मग ती बोलायला कितीही छान वाटो.

पहिले वाक्य पक्के असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी एक प्रयोग केला. माणसांना गोलाकार बसवून पाळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावला. नंतर असे आढळले, की आपल्या पाळीच्या अगदी आधी बोलले गेलेले शब्द प्रत्येकाला कमी आठवतात. त्या काही क्षणांत माणूस ऐकत नसतो. त्याची स्वतःची जुळवाजुळव चाललेली असते. ओळखीच्या बैठकीत नेमके हेच घडते. आपल्या आधीचा काय बोलला ते कळत नाही, मग आपण उठतो ते एकदम वेगळ्याच सुरात, जणू खोलीत दुसरे कोणी नव्हतेच. पहिले वाक्य तयार आहे अशी खात्री असली, की ती जुळवाजुळव थांबते आणि कान मोकळे होतात. सूनबाईंच्या आधी एक गृहस्थ मालवाहतुकीविषयी बोलले. त्या उठून म्हणाल्या, ‘‘आत्ता ह्यांनी ट्रकचं सांगितलं, त्या ट्रकमध्ये जे खोकं चढतं ना, त्याचं मी सांगते.’’ हे वाक्य कोणाला आधी पाठ करता येणार? बोलणे तयारीचे नाही असे लोकांना ज्यामुळे वाटले ते हेच, आणि तयारी होती म्हणूनच ते सुचले.

एक सावधगिरी उलट बाजूचीही घ्यावी लागते. बढाई नको म्हटले, की आपली मराठी माणसे थेट विनयाच्या विहिरीत उडी घेतात. ‘आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने छोटासा प्रयत्न चालू आहे.’ हेही ऐकणाऱ्याला घरी नेता येत नाही. उलट त्याच्यावर ‘छे छे, असं कसं!’ म्हणण्याचे ओझे पडते, आणि तेवढ्यात मिनिट संपते. विनय दाखवायचाच तर श्रेय खरे वाटून दाखवावा. ‘मी केलं’ आणि ‘आम्ही केलं’ हे दोन्ही जिथे जसे खरे असेल तसे म्हणावे. भट्टी बसविण्याचा निर्णय सूनबाईंचा होता. तिथे ‘आम्ही’ म्हणणे हा खोटा संकोच. दोन दिवस खपून खोकी केली ती कारागिरांनी. तिथे ‘मी’ म्हणणे ही खोटी फुशारकी.

आणि हेच मिनिट सगळीकडे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. चहाच्या टेबलापाशी कोणी ‘आपण काय करता?’ असे विचारले, तर त्याला एक मिनिट ऐकायचे नसते. तिथे ‘लाकडी खोकी करते, परदेशी माल जातो ती, शिक्का मारून’ एवढेच म्हणावे आणि थांबावे. पुढचे त्याला हवे असेल तर तो विचारील. नसेल तर आपण त्याला त्याच्याविषयी विचारावे. दर आठवड्याची बैठक असेल तर शुक्रवारची तीच हकीकत दर वेळी सांगू नये. तिसऱ्या खेपेला लोक ओठांनी आधीच बोलू लागतात. हकीकत बदलावी, शेवटचे वाक्य तेच ठेवावे. आणि गिऱ्हाइकाचे नाव, माल कोणता, कितीचा, हे त्याला विचारल्यावाचून बोलू नये. सूनबाई ‘चाकणचे एक कारखानदार’ एवढेच म्हणतात ते त्यासाठीच. आज दुसऱ्याची गोष्ट उघड करणारा उद्या आपलीही करील, हे धंदेवाल्याला शिकवावे लागत नाही.

नव्या ओळखीने पहिल्या दिवशी चमत्कार घडला असे मी सांगणार नाही. चहाच्या वेळी एक गृहस्थ आपण होऊन आले आणि म्हणाले, ‘‘आमची खोकी प्लायवूडची असतात. आम्हालाही हा शिक्का लागेल का हो?’’ ‘हो’ म्हटले असते तर तिथल्या तिथे काम मिळाले असते. सूनबाई म्हणाल्या, ‘‘नुसत्या प्लायवूडला लागत नाही. पण खाली टेकू म्हणून भरीव लाकडाच्या पट्ट्या मारल्या असतील, तर त्या लाकडाला लागतो. तेवढं उलटून बघून घ्या.’’ गृहस्थांनी मान डोलाविली, नंबर लिहून घेतला आणि ते गेले. काम काही दिले नाही.

पाच आठवड्यांनी कारखान्यात एक फोन आला. बोलणारा माणूस त्या बैठकीला कधी गेलेला नव्हता, आणि सूनबाईंचे नावही त्याला धड सांगता आले नाही. त्याने विचारले ते इतकेच : ‘‘शिक्क्याच्या खोक्यांच्या बाई त्या तुम्हीच ना? आमच्या खोक्यांखाली लाकडी पट्ट्या आहेत म्हणून एकांनी सांगितलं तुम्हाला विचारायला.’’